‘तू’पासून ‘आप’पर्यंत

मराठी आणि उर्दू हे दोन्ही विषय शिकवताना मुलांकडून मी पत्रं लिहून घेते. परीक्षेतलं पत्रलेखन मुलं पाठ करून येतात, म्हणून मी त्यांना सांगते की घरात घडलेलं एखादं बोलणं जसंच्या तसं लिहा. कोण काय म्हणालं, कोणत्या भाषेत म्हणालं, शब्द बदलू नका. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीला ही सवय अजून आहे. ती आता सव्वीस वर्षांची आहे, पुण्यात नोकरी करते. मागच्या महिन्यात तिनं आपल्या मैत्रिणीला लिहिलेलं एक पत्र मला वाचायला दिलं. तिच्या परवानगीनं त्यातला काही भाग इथं देते. नावं आणि गाव काढलं आहे. पत्र मराठीत आहे, पण घरातलं बोलणं तिनं घरच्याच भाषेत ठेवलंय.

‘‘तुला फोनवर सांगत होते तेच नीट लिहिते. रविवारी त्याला घरी नेलं. आधी फक्त एवढंच सांगितलं होतं की ऑफिसमधला मित्र आहे, चांगला आहे, तुम्हाला भेटवायचाय. अम्मीनं बिर्याणी केली होती. अब्बा दारापर्यंत आले आणि म्हणाले, ‘आ बेटा, इधर पंखे के नीचे बैठ. धूप में आया तू.’ मला इतकं बरं वाटलं! मग गप्पा झाल्या, क्रिकेट, पगार, पुण्यातलं भाडं. जेवताना अब्बांनी विचारलं, ‘पूरा नाम क्या बेटा?’ त्यानं सांगितलं, तांबोळी. वडिलांचं बाजारपेठेत पानाचं दुकान आहे हेही सांगितलं. अब्बा म्हणाले, ‘माशाअल्लाह.’ पुढं त्यांनी त्याला खूप मान दिला गं. ‘आप और लीजिए ना, आपने तो कुछ लिया ही नहीं.’ अम्मीनं शीरखुर्म्याची वाटी पुढं केली. निघताना अब्बा म्हणाले, ‘आप आए, बडी खुशी हुई. वालिद साहब को सलाम कहिए.’ कुणी एक शब्द वाकडा बोललं नाही. रिक्षात बसल्याबरोबर मी त्याला म्हटलं, बघ, अब्बांना तू किती आवडलास! तो फक्त हं म्हणाला. त्या दिवसापासून असाच आहे. मेसेजला उत्तर देतो, भेटतो, पण गप्प. विचारलं तर म्हणतो, काही झालं नाही. खरंच काही झालं नव्हतं. तूच सांग, काय चुकलं?’’

मैत्रीण मराठी घरातली आहे. तिनं उत्तर दिलं की मुलं सासऱ्यासमोर बावरतात, चार दिवसांत सुरळीत होईल. तिच्या जागी तिचं बरोबर आहे. मराठीत ‘तू’वरून ‘तुम्ही’वर जाणं म्हणजे मान वाढणं, असाच अर्थ पटकन लागतो.

पण पत्रातली वाक्यं ओळीनं लावून पाहा. दारात ‘बेटा’ आणि ‘तू’. पंख्याखाली ‘तू’. पूर्ण नाव विचारताना अजून ‘बेटा’. नाव ऐकल्यावर एक ‘माशाअल्लाह’, आणि तिथून पुढं एकदाही ‘बेटा’ नाही, एकदाही ‘तू’ नाही. आमच्या घरांत ‘तू’ हा घरातल्या मुलाचा शब्द आहे, ‘आप’ वडीलधाऱ्यांचा आणि पाहुण्याचा. तासाभरात एखादा मुलगा वडीलधारा होत नाही. तो पाहुणा होतो. निरोपही तसाच आहे. ज्याला पुन्हा बोलवायचं असतं त्याला आपण ‘आते रहना बेटा’ म्हणतो. ‘बडी खुशी हुई’ हे आलेल्या पाहुण्याला दारापर्यंत सोडणारं वाक्य आहे. त्यात पुन्हा येण्याचा उल्लेख नाही.

मधे फक्त आडनाव आलं होतं. मुलीचं आडनाव काझी. आपल्याकडं बागवान भाजीफळांचे, मणियार बांगड्यांचे, पिंजारी कापसाचे, तांबोळी पानाचे. गावगाड्यात तांबोळी अलुतेदारांत मोजले जात आणि हे नाव हिंदूंमध्येही आहे. काझी हेसुद्धा कामावरूनच पडलेलं नाव. फरक इतकाच की त्या कामाला सनद आणि इनाम होतं, पानाला नव्हतं. मशिदीत दोघे एका सफमध्ये उभे राहतात. रिश्त्याच्या वेळी मात्र ‘जमात कौनसी?’ हा प्रश्न येतोच.

या प्रश्नाला बरेच जण धर्माचा आधार देतात. त्यासाठीचा शब्द कफाअत, बोलण्यात ‘कुफू’, म्हणजे वधूवरांची बरोबरी. हनफी फिकहमध्ये तिच्या कसोट्यांत वंश आणि पेशा दोन्ही येतात, हे खरं आहे. पण इमाम मालिक यांच्याकडं मुख्य कसोटी दीनदारीची आहे. हनफींकडंही कफाअत हा मुलीचा आणि तिच्या वलीचा हक्क आहे. दोघांनी तो सोडला तर निकाहला बाधा येत नाही. म्हणजे अब्बांनी ‘चालेल’ म्हटलं की प्रश्न संपतो. हदीसमध्ये फातिमा बिंत कैस यांची हकीकत आहे. त्या कुरैशच्या. त्यांना मागण्या आल्या होत्या, तरी पैगंबरांनी त्यांना उसामा बिन झैद यांच्याशी निकाह करायला सांगितलं. उसामांचे वडील मुक्त केलेले गुलाम होते. आधी त्यांना ते पटलं नाही. नंतर त्यांनी निकाह केला, आणि त्यात भलं झालं असं त्या स्वतःच सांगतात.

मी तिला हे सगळं सांगितलं, आणि हेही की हा माझा अंदाज आहे. सर्वनामावरून मुलाच्या मनातलं कळत नाही. त्यालाच विचार. पण ‘काय झालं?’ असं विचारू नकोस, कारण त्याचं खरं उत्तर ‘काही नाही’ हेच आहे. ‘अब्बा तुला आप म्हणायला लागले ते तुला कधी कळलं?’ असं विचार.

तिनं विचारलं. तो म्हणाला, आडनाव सांगितलं त्याच क्षणी. त्याच्या बहिणीच्या वेळी पाहायला आलेल्या लोकांनीही असंच केलं होतं. अर्धा चहा ‘बेटी’ म्हणत, अर्धा चहा ‘आप’ म्हणत, आणि मग फोन आलाच नाही. त्यामुळं अब्बांचा त्याला राग नव्हता. तेवढ्याची त्यानं तयारी ठेवली होती. तो गप्प झाला तो रिक्षात. ‘अब्बांना तू किती आवडलास’ असं ती आनंदानं म्हणाली तेव्हा त्याच्या लक्षात आलं की हिला ऐकूच आलं नाही. आता ते आपणच तिला समजावायचं, तिच्याच वडिलांबद्दल, आणि वर ‘तू उगाच मनाला लावून घेतोस’ असं ऐकायचं, हे त्याच्या जिवावर आलं होतं.

काझी घरात वाढलेल्या मुलीला तो बदल ऐकू येत नाही, याचं मला नवल वाटत नाही. तिच्याशी बोलताना कुणी असा शब्द कधी बदललेलाच नाही.

मैत्रिणीला पाठवलेल्या दुसऱ्या पत्रात तिनं हे सगळं लिहिलं आणि खाली चार ओळी जोडल्या. येत्या जुम्याला ती घरी जाणार आहे, एकटी. अम्मीमार्फत नाही, थेट अब्बांशी बोलणार आहे. त्यांना विचारणार आहे की हक्क तुमचा आहे, तो तुम्ही धरणार की सोडणार? आणि त्यांनी धरला, तर तो दीनच्या नावावर धरला की बाजारपेठेतल्या लोकांच्या तोंडाकडं बघून, एवढं मला स्पष्ट सांगा. उत्तर काहीही आलं तरी ते त्याला ती स्वतः सांगणार आहे, जसंच्या तसं, शब्द न बदलता.