सात की नऊ?

गंगापूर, जि. छत्रपती संभाजीनगर

प्रिय वहिनी,


तुमचं पत्र मिळालं. उत्तर कोणत्या स्तराचं ते लगेच कळतं, पण त्या स्तरातले वरचे गुण द्यायचे की खालचे, तिथे पेन अडतं, असं तुम्ही लिहिलंत. अकरावीच्या पोरांचे इतिहासाचे पेपर तपासताना मीही याच जागी सर्वांत जास्त थांबतो. त्यामुळे तुम्ही पाठवलेल्या प्रश्नावरच बोलतो: ‘हैदराबाद संस्थान भारतात विलीन होण्याचं मुख्य कारण पोलीस कारवाई होतं, हे तुम्हाला कितपत पटतं?’ गुण १०.

तुमच्या शाळेच्या तक्त्यात ४ ते ६ गुणांचा तिसरा स्तर आहे: एकाच बाजूची कारणमीमांसा. ७ ते ९ चा चौथा स्तर: दोन्ही बाजूंची कारणमीमांसा. दोन्ही बाजू तोलून निर्णय दिला तर १०.

तुम्ही पाठवलेल्या दोन वह्यांपैकी पहिली घ्या. पोरीने पोलीस कारवाई नीट मांडली आहे. नोव्हेंबर १९४७ च्या जैसे थे करारानंतरही निजाम विलीनीकरणाला तयार नव्हता, रझाकारांचा धुमाकूळ वाढत होता, म्हणून १३ सप्टेंबर १९४८ ला सैन्य घुसलं आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. दुसऱ्या बाजूला तिने स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ, वंदे मातरम् चळवळ, उमरी बँक अशी सगळी नावं ओळीने दिली आहेत. वही भरगच्च दिसते आणि हात आपसूक आठवर जातो. इथे मी एक करतो. नावांवर बोट ठेवतो आणि उरलेल्या वाक्यांत ‘त्यामुळे’ कुठे आहे ते शोधतो. पहिल्या बाजूला ते सापडतं. दुसऱ्या बाजूला नावं झाकली की काहीच उरत नाही. त्या चळवळींनी विलीनीकरण जवळ कसं आणलं, हे तिने सांगितलेलंच नाही. म्हणजे कारणमीमांसा एकाच बाजूची, स्तर तिसरा. पण त्या स्तराची मागणी तिने भक्कम पुराव्यानिशी पुरी केली आहे, म्हणून सहा.

दुसरी वही निम्म्या लांबीची आहे. पोलीस कारवाईची दोन कारणं उलगडली आहेत. दुसऱ्या बाजूला एकच मुद्दा आहे: भारताच्या हद्दीत उभारलेले स्टेट काँग्रेसचे कॅम्प. तिथून कार्यकर्ते सरहद्दीवरच्या करोडगिरी नाक्यांवर हल्ले करत, त्यामुळे सीमेवरच्या गावांवरची निजामाची पकड सैन्य येण्याआधीच सैल झाली होती, असं पोराने लिहिलं आहे. नाव एकही नाही, पण ‘त्यामुळे’ आहे. म्हणून स्तर चौथा.

आता सात, आठ की नऊ? मी मधल्या गुणापासून, आठपासून सुरुवात करतो आणि त्याच स्तराच्या वर्णनाला विचारतो: तुझी मागणी दोन्हीकडे सारखी पुरी झाली का? इथे एक बाजू भरीव आहे, दुसरी एका मुद्द्यावर उभी आहे आणि तिला पुरावा तुटपुंजा आहे. म्हणून सात. एखाद्या ठिकाणाचा नेमका आधार दिला असता तर आठ दिले असते. आमच्या कायगावला गोदावरी ओलांडली की निजामाची हद्द संपायची, एवढं लिहिलं असतं तरी चाललं असतं. नमुना उत्तरात ते नसलं तरी खरं आणि प्रश्नाला धरून आहे, त्याचं श्रेय द्यायलाच हवं.

शेवटी त्याने ‘म्हणून दोन्ही कारणं महत्त्वाची आहेत’ असं लिहिलं आहे. त्यासाठी गुण वाढवू नका. त्यात तोलणं नाही. आणि खरंच तोललं असतं, तर त्याचं मोल वरच्या स्तरात झालं असतं. वरच्या स्तराचा गुणविशेष खालच्या स्तरात ‘थोडासा’ मोजायला गेलं की सगळी मोजपट्टीच हलते. चुकीचंही तसंच. एखाद्याने शरणागतीची तारीख १५ लिहिली, पण युक्तिवाद उभा राहिला, तर स्तर ढळत नाही. चूक पुरावा कमकुवत करते, म्हणून फार तर स्तराच्या आत एक गुण खाली आणते.

गठ्ठा संपला की गुणांच्या यादीवरून नजर फिरवा. सगळीकडे ५ आणि ८ च दिसले, तर समजा की स्तर ठरवून तुम्ही थांबलात, आतला निर्णय घेतलाच नाही. पहिल्या काही वह्या शेवटी पुन्हा काढा. लागोपाठ कच्ची उत्तरं वाचल्यावर बरं उत्तरही उत्तम वाटू लागतं. त्यासाठी सगळ्या शिक्षकांनी मिळून गुण ठरवलेल्या दोन वह्या, एक सातची आणि एक नऊची, समोर उघड्या ठेवा आणि अडलेली वही त्यांच्या शेजारी धरा. ती सातच्या जवळची की नऊच्या, एवढंच ठरवायचं असतं.

तुमच्या दोन्ही वह्यांवर मी पेन्सिलीने सहा आणि सात लिहून परत पाठवतो आहे. दुसऱ्या वहीबद्दल तुमचं मत वेगळं असेल, तर स्तराच्या वर्णनातल्या कोणत्या शब्दावरून ते झालं तेवढं कळवा.

तुमचा,
भाऊजी