२२ नावांची बाकी

तालुक्याच्या बाजारपेठेतील एका सेवाभावी मंडळाचे खजिनदार व्यवसायाने धान्याचे आडते होते. महावीर जयंतीनिमित्त होणाऱ्या नेत्रतपासणी शिबिराचे अंदाजपत्रक तेच तयार करीत. गतवर्षीची वही उघडावी, महागाईप्रमाणे आकडे थोडे वाढवावेत आणि सभेपुढे ठेवावेत, अशी आजवरची रीत होती.

त्या वर्षी खर्चाच्या वहीबरोबर रुग्णांची नोंदवहीही त्यांच्या हाती आली. गतवर्षी ४०,००० रुपये खर्च झाले होते. मंडप व खुर्च्यांना १०,०००, फलक व पत्रकांना ६,०००, भोजनाला १५,००० आणि शाल, श्रीफळ व स्मृतिचिन्हांना ९,०००. तपासणी एका धर्मादाय रुग्णालयाने विनामूल्य केली होती. नोंदवहीतील २१२ नावांपैकी ३१ नावांपुढे ‘मोतीबिंदू, शस्त्रक्रिया आवश्यक’ असा शेरा होता. शस्त्रक्रियाही विनामूल्यच होती. तरीही रुग्णालयात चौकशी करता नऊच जण पोहोचल्याचे समजले. उरलेल्या २२ जणांचे मंडळ देणे लागते, असे त्या आडत्याच्या मनाने घेतले.

पुढील काही रविवार ते नोंदवही घेऊन घरोघर फिरले. रुग्णालय ४५ किलोमीटरवर होते. एका आजींबरोबर जायला कोणी नव्हते. मुलाचा दोन दिवसांचा रोज बुडत होता. एकांची रक्तातील साखर वाढलेली निघाल्याने त्यांना परत पाठवले होते. पुन्हा केव्हा जायचे, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. कित्येकांना वाटत होते, की उन्हाळ्यात डोळ्याची शस्त्रक्रिया करू नये, हिवाळाच बरा. आता तसे बंधन उरलेले नाही, हेही त्यांना कोणी समजावले नव्हते. अंदाजपत्रक शिबिराच्या संध्याकाळी संपत होते आणि रुग्णाची खरी अडचण दुसऱ्या सकाळी सुरू होत होती.

खजिनदारांनी रुग्णालयाच्या नेत्रसहायकांकडून तपासणीचा क्रम समजून घेतला. सहा मीटरवरचा अक्षरांचा तक्ता रुग्णाला नीट वाचता आला नाही, तर डोळ्यासमोर बारीक छिद्राची काळी चकती धरतात. तीतून अक्षरे स्पष्ट दिसली, तर बहुधा चश्म्याने काम भागते. फरक पडला नाही, तर मोतीबिंदू किंवा डोळ्याच्या आतील अन्य विकाराचा शोध घ्यावा लागतो. चाळिशी ओलांडलेल्या अनेकांची तक्रार तर केवळ जवळचे न दिसण्याची असते. त्यांना तयार चश्मा त्याच दिवशी देता येतो. म्हणजे खर्चाचे दोन प्रवाह होते, चश्म्यांचा आणि शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचवण्याचा. आणि वहीत दोहोंनाही जागा नव्हती.

नवे अंदाजपत्रकही ४०,००० रुपयांचेच झाले. मंडपाऐवजी समाजाचे सभागृह घेतले. जवळच्या ८० चश्म्यांसाठी प्रत्येकी १०० प्रमाणे ८,००० रुपये ठेवले. वाहनाच्या चार फेऱ्यांना १६,००० रुपये लागणार होते: नेण्याची एक, दुसऱ्या दिवशीच्या तपासणीनंतर आणण्याची एक, आठवड्याने एक आणि महिन्याने एक. सोबतच्या नातेवाइकांच्या जेवणाला ४,०००, रक्तशर्करा तपासणीच्या पट्ट्यांना १,०००, फलकाला २,०००, चहा-नाश्त्याला ६,००० आणि अडीअडचणीला ३,००० रुपये ठरले.

सभेत अध्यक्ष म्हणाले, “अण्णा, देणगीदारांचा सत्कारच काढून टाकलात. पुढच्या वर्षी देणगी मागायला कोणत्या तोंडाने जायचे?” प्रश्न गैर नव्हता, त्याच देणग्यांवर मंडळ चालत होते. खजिनदारांनी ती २२ नावे शांतपणे वाचून दाखवली. अखेर ठरले, की शिबिरात सत्कार नको. महिन्याने, शेवटच्या तपासणीनंतर, देणगीदारांना बोलावून किती जणांवर शस्त्रक्रिया झाली, हे सांगावे.

त्या वर्षी २७ जणांना मोतीबिंदू निघाला आणि १९ जणांवर शस्त्रक्रिया झाली. साखर वाढलेल्या तिघांना पुढील तारखा लिहून दिल्या. पाच जणांनी नकार दिला, तोही नोंदवला. एक जादा फेरी करावी लागल्याने ४,००० रुपये लागले आणि अडीअडचणीची रक्कम संपून १,००० रुपयांची तूट आली. ती सभेपुढे मांडली गेली.

एक नाव मात्र कोणत्याच रकान्यात बसेना. एका शिंप्याला काचबिंदू निघाला. गेलेली दृष्टी परत येणार नव्हती. उरलेली टिकवायची, तर डोळ्यांत औषधाचे थेंब रोज, बहुधा आयुष्यभर घालावे लागणार होते. एका दिवसाच्या शिबिरात या खर्चाला जागा नव्हती. खजिनदारांनी वहीचे नवे पान उघडले, वर ‘औषध, दरमहा’ असे लिहिले आणि बेरजेची जागा रिकामी ठेवली.