पेपर बंद केला, तो हिशेब

निवृत्तीनंतर खर्चाला कात्री लावायची ठरली तेव्हा पहिला बळी सकाळच्या पेपरचा गेला. उभा जन्म हिशेब तपासण्यात गेलेला, त्यामुळे आकडेमोड चोख केल्याचा माझा समज होता. अंक 5 रुपयांचा, म्हणजे महिन्याचे दीडशे, वर पेपरवाल्याचे घरपोच टाकायचे वीस. वर्षाला दोन हजारांच्या वर. ॲपची वर्गणी 499. पेपरवाल्याला त्याच दिवशी नाही म्हणून सांगितलं.

यात रद्दी धरलीच नव्हती. आमची महिन्याची रद्दी तीन किलोच्या आसपास भरते. 15 रुपये भावाने वर्षाकाठी पाचशेच्या वर परत येतात. आणि 499 हा पहिल्या वर्षाचा दर होता. पुढच्या वर्षापासून 1,199, हे खाली बारीक अक्षरात होतं. म्हणजे बचत तीनशे रुपयांची! ऑडिटमध्ये दुसऱ्या कुणी असा कागद पुढे ठेवला असता तर मी त्याला सोलून काढला असता.

पण पैशांपेक्षा मोठी चूक वेगळीच. ॲप आणि ई-पेपर मी एकच समजलो. ई-पेपर म्हणजे छापील पानांची हुबेहूब प्रत, आपल्या जिल्ह्याच्या आवृत्तीसकट. माझ्या वर्गणीत तो नव्हताच. ॲपवर बातम्या एकाखाली एक येत राहतात, आणि काल ज्यावर बोट ठेवलं तसल्याच आज वर येतात. मी एकदा क्रिकेटवर टेकलो आणि आठवडाभर क्रिकेटच वाचत बसलो. आतल्या पानावरची पाणीकपात, जाहीर नोटिसा, निधनवार्ता हे सगळं सुटलं. ऑफिसातला जुना सहकारी गेल्याचं मला तेराव्यानंतर बाजारात कळलं. त्याच्या घरी जाऊन काय सांगणार, पेपर बंद केलाय म्हणून?

वैतागून ॲप काढून टाकलं आणि सुटलो असं धरून चाललो. वर्ष उलटल्यावर 1,199 खात्यातून गेले. ॲप काढल्याने ऑटोपे थांबत नाही. पैसे कापण्याआधी किमान 24 तास सूचना द्यावी लागते, तशी ती आलीही होती. जाहिरातींच्या गर्दीत मी न वाचताच पुसली. प्ले स्टोअरमधून वर्गणी घेतली असेल तर तिथेच आपल्या फोटोवर बोट ठेवून Payments & subscriptions, मग Subscriptions उघडून ती रद्द करावी लागते. हे नातीने दाखवलं, तेही मला चार शब्द सुनावून.

आता पेपर पुन्हा सुरू केलाय. गावाला जायचं असलं की पेपरवाल्याला आदल्या दिवशी सांगतो, तो तेवढे दिवस बिलातून वजा करतो. 27 जानेवारी आणि 16 ऑगस्टला अंक नसतो, तेव्हा फोनवर फुकटात मिळतं तेवढं वाचतो. रद्दीचं खातं मात्र वहीत वेगळं मांडलंय.