आसिम कुठल्या अक्षरांचा?

नाव देवनागरीत लिहिले की त्याच्या अर्थाची निम्मी खूण पुसली जाते. अरबीत सीन, साद आणि से ही तीन वेगळी अक्षरे; मराठीत तिघांचाही 'स' होतो. अलिफ आणि ऐन या दोघांना आपण 'अ' किंवा 'आ' लिहून मोकळे होतो.

'आसिम' हेच नाव घ्या. ऐनने सुरू होऊन मधे साद आला, तर अर्थ जपणारा, बचाव करणारा. अलिफने सुरू करून मधे से लिहिला, तर तोच उच्चार 'गुनाहगार' होतो. मुलाचे नाव अर्थातच पहिले. कूफ्याचे इमाम आसिम ऐन-सादचेच. आपल्या घरांत जी तिलावत होते ती त्यांच्याच किरअतीची, त्यांचे शागिर्द हफ्स यांच्याकडून आलेली. जन्मदाखल्यावर मात्र दोन्ही 'आसिम' सारखेच दिसतात. म्हणून कुणी नावाचा अर्थ विचारला की आम्ही आधी ते उर्दूत लिहून मागतो. लिहिता येत नसेल तर, 'दादी-नानीला विचारून या,' म्हणतो.

अक्षरे कळली की अरबी नावातली मूळची तीन अक्षरे शोधायची. नून, साद, रे या तिघांत मदतीचा अर्थ आहे. नासिर म्हणजे मदत करणारा, मन्सूर म्हणजे ज्याला मदत मिळाली तो, नुसरत म्हणजे खुद्द मदत. मदीनेच्या ज्या लोकांनी मुहाजिरांना आसरा दिला ते अन्सार. अन्सारी हे आडनाव तिथूनच आले. मूळ एकच, पण साचा बदलला की अर्थ फिरतो. हामिद आणि महमूद यांचेही तसेच: हामिद तारीफ करणारा, महमूद ज्याची तारीफ होते तो. नावांच्या काही पुस्तिकांत अशा जोड्यांपुढे एकच अर्थ छापलेला असतो. आम्हाला ते फार खटकते, कारण करणारा आणि ज्याच्यासाठी केले तो, यांतला फरक मराठी व्याकरणात पाचवीचे मूलही सांगते. आसिमचे मूळ ऐन, साद, मीम. इस्मत हे मुलीचे नाव त्याच घरातले, पाकदामनी जपण्याच्या अर्थाचे.

फारसी नावांना ही तीन अक्षरांची रीत लावू नये. परवीनचे अरबी मूळ शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. परवीन म्हणजे आकाशातला कृत्तिकांचा पुंजका. (वर्गात परवीन आणि कृत्तिका शेजारी बसल्या, तर त्या एकाच नावाच्या मैत्रिणी.) फारसीत बहुतेकदा जोड सोडवावा लागतो. दिलशाद म्हणजे दिल आणि शाद, खूश मनाचा. गुलनार म्हणजे डाळिंबाचे फूल. त्यातला नार 'अनार'मधला आहे. अरबीत नार म्हणजे आग, पण तिचा या मुलीशी काही संबंध नाही.