साठ वेळा चावलेला घास

रात्री नऊ-साडेनऊला मी एकदा गोठ्यात जातो. दिवा लावत नाही. सायंकाळचा चारा खाऊन दीड-दोन तास झालेले असतात, गाई बसलेल्या असतात आणि अंधारात त्यांच्या जबड्यांचा आवाज येत असतो. ओल्या दगडावर दगड हळूच घासावा तसा तो आवाज. मी उंबऱ्यावर बसतो, एक गाय निवडतो आणि मोजू लागतो. घास वर आला की एक, दोन, तीन… बहुतेक वेळा पन्नास ते साठच्या दरम्यान चावणं थांबतं. मानेच्या डाव्या बाजूनं एक गोळा खाली सरकताना दिसतो. चार-पाच सेकंद गाय निश्चल बसते. मग दुसरा गोळा उलट्या दिशेनं वर चढतो, गाल फुगतो आणि जबडा पुन्हा चालू होतो.

मोजायची ही सवय मला आजानं लावली. आमचं गाव कारंजा तालुक्यातलं. इकडे नंदगवळ्यांची वस्ती आणि त्यांची पांढरी, चपळ गवळाऊ गाय. हेटीकुंडीला याच जातीचं सरकारी पैदास केंद्र आहे. जनावर आजारी आहे असं कुणी सांगत आलं की आजाचा पहिला प्रश्न ठरलेला : "रोंथ करते का पाह्य आधी, मंग दवाचं बोल." लहानपणी मला वाटायचं, हा म्हातारा वेळ काढतो. आज तीस वर्षं गाई सांभाळल्यावर मीही सगळ्यात आधी तेच विचारतो.

रवंथ म्हणजे काय, हे समजायला गाय चारा कसा खाते ते पाहावं. तिला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, तिथे टणक हिरडी असते. ती जिभेनं गवताला वेढा घालते, खालच्या दातांवर आणि वरच्या हिरडीवर धरून तोडते, जेमतेम चावते आणि गिळते. कडब्याचं कांडही असंच अर्धवट चिरडून आत जातं. घाईघाईनं गिळलेलं हे सगळं डाव्या कुशीतल्या कोठीपोटात साठतं. मोठ्या संकरित गाईत ही कोठी दीडशे लिटरच्या आसपास असते. गवळाऊत कमी असते, पण तिच्या अंगाच्या मानानं तीही मोठीच. शाळेत शिकवतात की वाघाच्या भीतीनं गाय भराभर खाते आणि सुरक्षित जागी निवांत चावते. आमच्याकडे बोरचं जंगल जवळ असल्यानं हे पटकन पटतं. पण ज्या गाईनं जन्मात गव्हाण सोडली नाही, तीही रोज सात-आठ तास रवंथ करते. म्हणजे खरं कारण वाघात नाही, काडीत आहे.

काडी गाईला पचत नाही. कोणत्याच गाईला पचत नाही. काडीचा जो मुख्य धागा आहे, तो तोडणारा रस गाईच्या अंगात तयारच होत नाही. हे काम कोठीपोटात राहणारे सूक्ष्म जीव करतात. ते काडी कुजवतात, त्यातून आम्लं तयार होतात, ती कोठीच्या भिंतीतून रक्तात शोषली जातात. गाईला लागणाऱ्या ताकदीचा मोठा भाग याच आम्लांमधून येतो. पुढे हे सूक्ष्म जीवही पाण्याबरोबर वाहत चौथ्या पोटात जातात, तिथे पचतात आणि गाईला प्रथिनं मिळतात. आपण गाईला चारा घालतो म्हणतो, पण खरं तर आपण त्या जिवांना जेवू घालतो आणि ते गाईला जेवू घालतात.

अडचण एवढीच की कडब्याच्या बाहेरच्या गुळगुळीत सालीतून त्यांना सहज शिरता येत नाही. ते शिरतात तुटलेल्या, चेचलेल्या कडेतून. म्हणून काडी पुन्हा पुन्हा चिरडावी लागते. कोठीत जाड काड्यांचा थर वर तरंगतो. तो भिंतीला टोचतो आणि त्या टोचण्यानंच पुढची क्रिया सुरू होते. पुढच्या जाळीपोटाचं एक जादा आकुंचन होतं, गाय श्वास आत ओढल्यासारखं करते आणि ओला गोळा अन्ननलिकेतून वर येतो. ती आधी त्यातलं पाणी पिळून गिळते, मग बाकीचा चोथा दळते. पुढच्या पोटात जायची वाट अरुंद आहे. एक-दोन मिलिमीटरपेक्षा मोठे तुकडे तिथून सहसा जात नाहीत. जे मोठं राहिलं ते पुन्हा वर येतं. जाड कडबा असा दोन-दोन दिवस आत फिरत राहतो.

चावण्याइतकीच महत्त्वाची आहे लाळ. कोरड्या चाऱ्यावरची मोठी गाय दिवसाला शंभर लिटरहून अधिक लाळ गिळते. या लाळेत आपल्या खाण्याच्या सोड्यासारखाच क्षार असतो. कोठीत आम्लं सतत तयार होतात. त्यांना कुणीतरी आवरलं पाहिजे, नाहीतर ते सूक्ष्म जीव आपल्याच आम्लात मरतील. लाळ त्या आम्लांना आवरते. आणि लाळ सुटते ती चावताना. रवंथ कमी झाला की कोठीत पोहोचणारा सोडा कमी होतो. हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण कळलं ते एका गाईमुळे.

काही वर्षांपूर्वी मी एक संकरित गाय आणली. दिवसाला दहा-अकरा लिटर दूध द्यायची. दूध वाढवायच्या हव्यासात मी तिची मक्याची भरड आणि सरकी ढेप मिळून सहा किलो केली, तीही सकाळ-संध्याकाळ अशी दोनच वेळा. त्यात आमच्याकडे ज्वारीचा पेरा घटल्यामुळे कडबा महाग झालेला. सोयाबीनचं कुटार होतं, पण ते ती काड्या-काड्यांनी निवडून बाजूला सारायची. म्हणून जो थोडा कडबा होता तो कुटार आणि भरडीबरोबर मशीनमध्ये घालून अगदी बारीक करायला लागलो. निवडायला काही उरलंच नाही. गाय सगळं चाटूनपुसून खायची. मला आनंद झाला.

तिसऱ्या आठवड्यात दूध संकलन केंद्रावर फॅट ४ वरून २.९ वर आली. मला वाटलं, मोजायचं यंत्र बिघडलं असेल. दुसऱ्या गाईचं दूध वेगळं नेऊन तपासलं, ते नेहमीसारखंच होतं. मग मी शेण पाहिलं. पातळ, चकचकीत, वर बारीक फेस. चाळणीत घेऊन पाण्याखाली धुतलं तर मक्याचे कण तसेच्या तसे निघाले. त्या रात्री उंबऱ्यावर बसून मोजलं. घास वर यायला वेळ लागत होता आणि आला तरी तीस-पस्तीस चावण्यांतच संपत होता. शेजारची गवळाऊ तेव्हा साठवर होती. तिच्या डाव्या कुशीतल्या खळग्यात मूठ दाबून धरली. निरोगी गाईत दर दोन मिनिटांत दोन-तीनदा मुठीला आतून धक्का बसतो. इथे एक बसला, तोही हलका, आणि आतून पाणी हिंदकळल्याचा आवाज आला.

झालं होतं असं. पिठूळ खाण्यात काडीच उरली नव्हती, त्यामुळे कोठीच्या भिंतीला टोचायला काही नव्हतं. टोचणी नाही म्हणून रवंथ नाही, रवंथ नाही म्हणून लाळ नाही. वरून भरड मात्र भराभर आंबत होती. आम्ल वाढलं की काडी कुजवणारे जीव आधी माघार घेतात. त्यांनी काडीपासून बनवलेल्या आम्लातून दुधाच्या स्निग्धतेचा मोठा भाग तयार होतो, म्हणून पहिला फटका फॅटला बसला. गाय अजून खात होती, दूध देत होती, डोळ्यांना ती ठीकच दिसत होती. तिचा बिघाड तिच्या जबड्यात दिसत होता आणि मी तिथे पाहायचं सोडून दिलं होतं.

पशुवैद्यांनी भरड चार किलोवर आणायला सांगितली, तीही चार वेळांत वाटून. आधी कडबा, मग भरड, हा क्रम लावून दिला. कडबा बारीक न करता दोन-तीन इंचांचे तुकडे करून घालायचा, तो ओला करून कुटारात कालवायचा म्हणजे निवडता येत नाही. शिवाय काही दिवस रोज साठ ग्रॅम खाण्याचा सोडा. चौथ्या दिवशी शेण घट्ट व्हायला लागलं. आठवड्यानं चावणी पंचेचाळीसवर, पंधराव्या दिवसापर्यंत पन्नासच्या पुढे. फॅट ३.७ पर्यंत परत आली. दूध लिटरभर कमी झालं ते झालं.

ही सौम्य गोष्ट होती. लग्नसराईत मांडवामागे टाकलेला भात आणि पोळ्या जनावरानं एका वेळी पाटीभर खाल्ल्या, तर हेच सगळं काही तासांत घडतं. रवंथ पूर्ण थांबतो, कूस ताणते, जनावर झुलतं. तिथे घरातला सोडा पुरत नाही, डॉक्टरलाच बोलवावं लागतं. ते कधी कधी शेजारच्या निरोगी गाईच्या कोठीतलं पाणी नळीनं काढून आजारी गाईला पाजतात, कारण तिच्यातले जीवच मेलेले असतात.

रवंथाला चाऱ्याइतकीच विश्रांतीही लागते. गाय उभी असताना, अगदी चालतानाही रवंथ करू शकते, पण मन शांत असल्याशिवाय करत नाही. गोठ्यात कुत्रं शिरलं, डॉक्टरांची सुई दिसली, की वर आलेला घास तसाच गिळून ती थांबते. छातीवर बसलेली, डोळे अर्धे मिटलेली गाय झोपेच्या काठावर असते आणि जबडा चालूच असतो. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. तेव्हा दुपारी गाई धापा टाकतात, लाळ तोंडाबाहेर गळून वाया जाते, रवंथ जवळपास बंद पडतो. म्हणून उन्हाळ्यात मी जड चारा दुपारी घालत नाही. सूर्य गेल्यावर घालतो आणि रात्रभर गोठ्यात कुणाला फिरकू देत नाही. त्यांचं दिवसाचं राहिलेलं काम रात्री होतं.

या वर्षी आमच्या चांदी गाईला गोऱ्हा झाला. नवं वासरू रवंथ करत नाही. दूध पिताना त्याच्या पोटात एक पन्हळ तयार होते आणि दूध कोठीला वगळून थेट चौथ्या पोटात जातं. पण आई त्याला चाटते, तो आईच्या गव्हाणीत तोंड घालतो, एखादी काडी चघळतो, आणि जीव एकेक करून त्याच्या कोठीत वस्तीला येतात. परवा तो तीन आठवड्यांचा झाला. रात्री मी बसलो होतो. चांदी साठवर होती. तिच्या पोटाला टेकून बसलेल्या गोऱ्ह्याच्या गळ्यात काहीतरी हललं. त्यानं दचकल्यासारखी मान वर केली आणि जबडा एका बाजूला सरकला. मी मोजायला लागलो. अकरापर्यंत गेलं आणि त्यानं गिळलं.