दोनशे सत्तर रुपयांची तूट

महाविद्यालयात शिकत असताना मी जालन्यातील एका किराणा दुकानात संध्याकाळी चिठ्ठ्या उतरवण्याचे काम करीत असे. दिवसभराच्या विक्रीच्या चिठ्ठ्यांवरील रकमा वहीत एकाखाली एक लिहून त्यांची बेरीज मांडायची आणि ती गल्ल्यातील रोकडीशी ताडून पाहायची, एवढेच ते काम होते.

एके दिवशी मेळ बसेना. वहीतील विक्री ४,३८५ रुपये होती. सकाळचे सुट्टे २०० त्यात मिळवले, उधारीच्या चिठ्ठ्यांचे ६४० व गल्ल्यातून दिलेली हमाली ७५ वजा केली; म्हणजे रोकड ३,८७० असायला हवी होती. प्रत्यक्षात ३,६०० भरली. मालक काही बोलले नाहीत. परंतु वसतिगृहात राहणाऱ्या माझ्यासारख्या मुलाकडे त्यांनी ज्या नजरेने पाहिले, ती मला कळली.

वृद्ध मुनीमजींनी प्रथम रोकड पुन्हा मोजली, नंतर वहीतील बेरीज खालून वर केली. दोन्ही तशाच आल्या. मग त्यांनी २७० रुपयांची एखादी उधारीची चिठ्ठी रोखीत धरली गेली आहे का, हे पाहिले. तशी चिठ्ठी नव्हती. वजा करायची रक्कम चुकून मिळवली गेली, तर फरक तिच्या दुप्पट पडतो. म्हणून त्यांनी १३५ चाही शोध घेतला. तोही व्यर्थ गेला.

शेवटी त्यांनी २७० ला नऊने भागले. भाग पूर्ण गेला, उत्तर तीस आले. ते म्हणाले, “बाळ, आकडे उलटे पडले असतील.” शतक व दशक स्थानांचे अंक एकमेकांच्या जागी गेले, तर त्या दोन अंकांमध्ये जितके अंतर, तितक्या नव्वदांचा फरक पडतो. येथे तीन नव्वद होते. म्हणून वहीत शतकाचा अंक दशकापेक्षा तीनने मोठा असलेल्या रकमाच तपासायच्या होत्या. अशा चारच निघाल्या. त्यांपैकी ५२० ची मूळ चिठ्ठी काढली. तिच्यावर २५० लिहिलेले होते. हस्ताक्षर वहीत माझेच होते. चूक माझी होती, चोरी मात्र नव्हती.

मुनीमजींनी तेव्हाच बजावले की, नऊचा भाग जाणे हा पुरावा नव्हे. कोणताही फरक नवातून एकदा सहज नऊने भागला जातो. शिवाय ३० चे ३०० लिहिले गेले, तरी नेमके २७० च वाढतात. नऊ फक्त कुठे पाहायचे ते सांगतो, निर्णय मूळ चिठ्ठीच देते.

पुढे इतिहास शिकताना नक्कल आणि मूळ साधन यांतील भेद मला नव्याने समजून घ्यावा लागला नाही. आज विद्यार्थी भांडाराचा हिशेब चुकला, की मी मुलांना आधी चिठ्ठ्यांचे क्रमांक लावायला सांगतो, म्हणजे हरवलेली चिठ्ठी लगेच कळते. मग ती वहीशी ताडायची. तोवर कोणाही मुलाचे नाव घ्यायचे नाही.