सवडीने

डिसेंबरात सकाळी सहाला गणेशपुरीच्या कुंडांवर वाफ इतकी दाट असते की शेजारी अंघोळ करणारा माणूस आवाजावरूनच ओळखावा लागतो. त्या गुरुवारी वाफेतून खोकला ऐकू आला आणि मी मुकाट्याने पायरीवरून मागे फिरले. अण्णांचा खोकला मला वीस वर्षं ओळखीचा आहे. नित्यानंदांच्या समाधीला ते दर गुरुवारी येतात, परतताना आमच्या ओट्यावर चहा घेतात. त्यांच्याकडे आमच्या पेढीची येणे बाकी होती आणि वसुलीचं पत्र लिहायचं काम माझ्याकडे होतं. त्या दिवशी चहा झालाच नाही.

मी भिवंडीला एका सुताच्या पेढीत हिशेब लिहिते. गणेशपुरीहून एसटीने रोज जाऊन येऊन. अण्णा पद्मनगरकडचे, चोवीस मागांचे मालक. सूत आमच्याकडून घ्यायचे, तीस दिवसांच्या उधारीवर, आणि अठ्ठाविसाव्या दिवशी पैसे द्यायचे. यंदा पावसाळ्यात ते थांबलं. त्यांचा ग्रे माल उचलणाऱ्या व्यापाऱ्याने चार महिने पैसे दिले नव्हते, सायझिंगवाल्याने बीम अडवून ठेवले, आणि बारा माग बंद पडले. बंद माग गंजला की वजनावर भंगारात जातो, हे भिवंडीत कुणाला सांगावं लागत नाही.

शेठ म्हणाले, “ताई, कडक लिहा. ‘वारंवार कळवूनही’ असं घाला.”

वारंवार कुठलं? एकदाही कळवलं नव्हतं. शेठनी दोनदा फोन केला होता, तो पण तब्येत विचारायला. पैशांचा विषय निघालाच नाही. खोट्या शब्दाने सुरू झालेलं पत्र देणेकरी पहिल्या ओळीतच खाली ठेवतो, मग खालचा आकडा कितीही खरा असो.

म्हणून आधी खातेउतारा काढला. टॅलीत बाकी दिसत होती २,६८,५०० रुपये. बिलं तीन: १२ जुलैचं ९६,४००, ९ ऑगस्टचं १,१२,३५० आणि २० सप्टेंबरचं ८४,७५०. ऑक्टोबरात अण्णांनी २५,००० पाठवले होते. ते कुठल्याच बिलाला न लावता नुसते खात्यावर जमा करून ठेवले होते. घाईत असं होतं. जुन्या बिलाला ते लावले की जुलैच्या बिलाचे ७१,४०० उरतात. इथवर ठीक. पण ऑगस्टच्या चलनांच्या गठ्ठ्यात गोदामातल्या पोराची चिठ्ठी निघाली: दोन पोती कोन परत आले, सूत तुटतं. या मालाची क्रेडिट नोट आम्ही केलीच नव्हती. १४,२०० रुपये.

मी खुर्चीत मागे टेकले. हे पत्र तसंच गेलं असतं तर? अण्णा बोलले नसते. अडचणीतल्या देणेकऱ्यांपैकी कुणी बोलत नाही. वीस वर्षांच्या व्यवहारात आपण चोर ठरलो असं मानून गप्प बसतात, आणि मग फोनही उचलत नाहीत. आधी क्रेडिट नोट केली, मग बाकी लिहिली: २,५४,३००.

आता शब्द. पहिला मसुदा एसटीत लिहिला, मांडीवर वही ठेवून. त्यात ‘सवडीने’ असा शब्द होता. वज्रेश्वरीच्या थांब्याला तो मलाच खुपायला लागला. अडचणीतल्या माणसाला सवड कधीच नसते. त्याच्याकडे दहाजण मागायला उभे असतात, आणि जो तारीख सांगतो त्याला तो आधी देतो. सवडीने म्हणणारा रांगेत शेवटी जातो, आणि अण्णांना मात्र रोज रात्री त्याची आठवण येत राहते. मी तो शब्द खोडला.

तारीख कुठली घालायची? ती मला जीएसटीनेच दिली. सूत घेणाऱ्याने बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत, तर त्या बिलावर घेतलेलं कराचं क्रेडिट त्याला उलटवावं लागतं, आणि ते वापरलं असेल तर व्याजही लागतं. १२ जुलैचे १८० दिवस ८ जानेवारीला भरत होते. म्हणजे घाई एकट्या आमचीच नव्हती.

दुसरी गोष्ट बाकी कबुलीची. उधारीची मुदत संपल्यावर तीन वर्षांत दावा लावला नाही तर तो कालबाह्य होतो; त्याआधी देणेकऱ्याने सही करून बाकी कबूल केली, की तीन वर्षं नव्याने धरतात. शेठना ती सही हवी होती. अण्णांसारखे लोक अशा कागदाला घाबरतात, आणि ते घाबरणं चुकीचंही नाही. हा कागद लपवून पाठवणं मला पटेना. काय आहे ते पत्रातच लिहिलं.

“अण्णा, सप्रेम नमस्कार. तुमच्या नावावर २,५४,३०० रुपये बाकी आहेत. परत आलेल्या दोन पोत्यांचे १४,२०० वजा केलेत. हे आमच्याकडून राहिलं होतं, माफ करा. जुलैच्या बिलाचे उरलेले ७१,४०० आम्हाला ७ जानेवारीपर्यंत हवेत, म्हणजे तुमचा करही अडकणार नाही. सगळे जमत नसतील तर जमतील तेवढे द्या आणि उरलेल्याची तारीख तुम्ही लिहा. उशिराचं व्याज लावलेलं नाही. नवं सूत मात्र हे मिटेपर्यंत पैसे आल्यावरच देता येईल. थोडं थोडं नेलंत तरी चालेल. सोबत बाकी कबुलीचा कागद आहे. ही सही म्हणजे दाव्याची मुदत वाढवणं. शेठना तेवढा भरवसा हवा आहे. वाचून, पटलं तरच करा.”

सुताबद्दलची ओळ शेठनी दोनदा वाचली. “थोडं थोडं?” म्हणाले. मी म्हटलं, माग चालले तरच पैसे येतील. ते काही बोलले नाहीत. सही केली.

पाकीट मी स्पीड पोस्टने पाठवलं, घरच्या पत्त्यावर. कारखान्यावर पोस्टमन आला की कारागीर बघतात, आणि मालकाकडे मागणीचं पत्र आलं हे कळल्यावर हप्त्याची वाट बघणारा माणूस दुसरीकडे काम शोधायला लागतो. व्हॉट्सॲपवर तर नाहीच. त्यांचा फोन बहुधा नातवाच्या हातात असतो. गुरुवारी ओट्यावर हातात देण्याचाही विचार आला होता. पण मग तो चहा पुन्हा चहा राहिला नसता.

६ जानेवारीला पेढीत अण्णांचे ४०,००० जमा झाले. त्याच दिवशी पाकीटही परत आलं. कबुलीच्या कागदावर तेलुगूत सही, आणि मराठीत एक ओळ: राहिलेले संक्रांतीनंतर. ३१,४०० उरले होते. त्यावरचा कर त्यांना तूर्तास परत करावा लागणार होता. पैसे दिले की तो पुन्हा घेता येतो.

मी फोन लावला.

“अण्णा, संक्रांतीनंतर म्हणजे कधी?”

पलीकडे मागांची खडखड ऐकू येत होती. सगळ्यांची नाही, पण होती. अण्णा खोकले.

“पोरी, तू सोडणार नाहीस.” मग जरा थांबून, “वीस लिही.”

मी कागदावर त्यांच्या ओळीखाली पेन्सिलीने २० जानेवारी लिहिलं. मग म्हटलं, “आणि गुरुवारी चहा आहे.”